एकाच घरातलं पाच गिगाहर्ट्झ वायफाय टीव्हीला दिसत नाही, लॅपटॉपला दिसतं: गोम चॅनलमध्ये आहे

प्रश्न: नवीन राउटर बसवलाय. पाच गिगाहर्ट्झचं नाव माझ्या फोनवर येतं, भावाने जर्मनीहून आणलेल्या जुन्या लॅपटॉपवरही येतं, पण टीव्हीवर येतच नाही. टीव्ही २०१७ मध्ये इथेच घेतलेला आहे, खोक्यावर ड्युअल बँड लिहिलंय. कुणीतरी सांगितलं म्हणून राउटरचा चॅनल `Auto` वरून १४९ केला, तर टीव्हीवर नाव आलं आणि लॅपटॉपवरून गेलं! केबलवाला म्हणतो टीव्हीचं वायफाय कार्ड खराब आहे. राउटर बदलू की टीव्ही?

उत्तर:

दोन्ही राहू द्या. टीव्हीचं कार्ड खराब असतं तर १४९ वरसुद्धा त्याला नाव दिसलं नसतं. राउटरच्या सेटिंगमध्ये पाच गिगाहर्ट्झचा चॅनल ३६ करा, चॅनलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवा, नेटवर्कचं नाव लपवलेलं असेल तर उघडं करा, सेव्ह करा आणि दोन मिनिटांनी तिन्ही उपकरणांवर वायफायची यादी पुन्हा उघडा. तिन्हीकडे नाव यायला हवं. यामागचं कारण मात्र समजून घ्या, कारण उद्या राउटर रीसेट झाला किंवा कंपनीने त्यात नवीन फर्मवेअर टाकलं की तो परत `Auto` वर जाईल आणि टीव्ही पुन्हा हरवेल.

पाच गिगाहर्ट्झ हा एक सलग पट्टा आहे असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यात वायफायसाठी चार तुकडे आहेत: चॅनल ३६ ते ४८, ५२ ते ६४, १०० ते १४४ आणि १४९ ते १६५. चॅनलच्या आकड्याला पाचाने गुणून त्यात ५००० मिळवले की मेगाहर्ट्झमधली वारंवारता मिळते. म्हणजे चॅनल १०० हा ५५०० मेगाहर्ट्झवर, १४९ हा ५७४५ वर. या चारही तुकड्यांचे नियम वेगळे आहेत आणि देशोदेशी आणखी वेगळे. खोक्यावरच्या ‘ड्युअल बँड’ने एवढंच कळतं की हे उपकरण २.४ गिगाहर्ट्झखेरीज पाच गिगाहर्ट्झमध्येही चालतं. त्यातले कोणते तुकडे त्याला उघडे आहेत, हे खोक्यावर छापलेलं मी फारच क्वचित पाहिलंय.

तुमच्याकडे काय झालं असणार ते आता सरळ मांडता येतं. `Auto` वर असताना राउटरने गर्दी टाळायला मधला एखादा चॅनल निवडला, बहुधा १०० च्या पुढचा. तो फोनला आणि जर्मन लॅपटॉपला चालतो, टीव्हीला चालत नाही. तुम्ही १४९ केलात. तो फोनला आणि टीव्हीला चालतो, पण युरोपात विकलेल्या जुन्या लॅपटॉपला चालत नाही. फोन नवा आहे, त्याला चारही तुकडे उघडे आहेत, म्हणून त्याला कधीच फरक पडला नाही. आणि ३६ ते ४८ हा पहिला तुकडा तिघांनाही उघडा असणार, कारण हा भाग जवळजवळ सगळीकडे खुला आहे आणि तिथे रडारची अट नाही.

ही रडारची अट म्हणजेच डीएफएस. चॅनल ५२ ते ६४ आणि १०० ते १४४ ज्या वारंवारतेवर आहेत, तिथे वायफायच्या आधीपासून रडार बसलेली आहेत: लष्कराची, जहाजांची, हवामानाची. २००३ साली जिनिव्हाच्या जागतिक रेडिओ परिषदेत हा भाग वायफायला वापरू द्यायचं ठरलं, पण रडारचा पहिला हक्क कायम ठेवून. त्यातून आलेली पद्धत अशी: राउटरने या चॅनलवर बोलायला सुरुवात करण्यापूर्वी ६० सेकंद नुसतं ऐकायचं. रडारची स्पंदनं ऐकू आली नाहीत तरच नेटवर्क चालू करायचं. चालू असतानाही कान उघडा ठेवायचा, रडार ऐकू आलं की १० सेकंदांत चॅनल सोडायचा आणि पुढची ३० मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. युरोपच्या नियमांत हवामान रडारच्या ५६०० ते ५६५० मेगाहर्ट्झच्या भागात, म्हणजे चॅनल १२० ते १२८ च्या आसपास, सुरुवातीचं ऐकणं एका मिनिटाऐवजी १० मिनिटांचं असतं.

यात एक गोष्ट सहज निसटते. रडार ओळखण्याची जबाबदारी राउटरवर आहे, टीव्ही किंवा फोनवर नाही. मग टीव्हीला अडचण काय? अडचण अशी की ज्याला रडार ओळखता येत नाही त्याने या चॅनलवर आपणहून बोलायला सुरुवात करायची नाही, असा नियम आहे. साध्या चॅनलवर उपकरण नेटवर्क शोधताना हाक मारतं, ‘इथे कोणी आहे का?’, आणि राउटर काही मिलिसेकंदांत उत्तर देतो. डीएफएस चॅनलवर अशी हाक मारता येत नाही. गप्प बसून राउटरच्या बीकनची वाट पाहावी लागते. बीकन म्हणजे राउटर ठरावीक वेळाने पाठवतो ती स्वतःची ओळख. बहुतेक राउटरमध्ये दोन बीकनमधलं अंतर १०२.४ मिलिसेकंद असतं, म्हणजे उपकरणाला प्रत्येक डीएफएस चॅनलवर साधारण तेवढा वेळ थांबणं भाग आहे. २० मेगाहर्ट्झचे असे चॅनल सोळा. सगळे ऐकायचे तर दीड-पावणेदोन सेकंद जातात. नवे फोन ते करतात. काही उपकरणं वेळ आणि बॅटरी वाचवायला हे चॅनल कमी वेळा ऐकतात, म्हणून यादीत नाव उशिरा येतं. आणि काही उपकरणांत हे चॅनल बनवतानाच बंद ठेवलेले असतात.

टीव्ही, स्टिक, प्रिंटर, कॅमेरे या शेवटच्या गटात जास्त सापडतात. रेडिओ चिपला ते चॅनल येत नाहीत असं सहसा नसतं. पण ते उघडे ठेवायचे तर राउटरने ‘चला, दुसऱ्या चॅनलवर’ म्हटल्यावर उपकरण वेळेत गप्प होतं का, याच्या वेगळ्या चाचण्या करून घ्याव्या लागतात. टीव्हीच्या बाबतीत आणखी एक गुंता आहे. फोनवरचा पडदा टीव्हीवर दाखवताना अनेकदा दोघं राउटरला बाजूला ठेवून थेट एकमेकांशी जोडले जातात, आणि त्या वेळी टीव्हीच राउटरच्या भूमिकेत जाऊ शकतो. डीएफएस चॅनलवर ती भूमिका घ्यायची तर टीव्हीला स्वतः रडार ओळखता आलं पाहिजे. हे सगळं टाळायचा सोपा मार्ग म्हणजे मधले चॅनल बंद करून टीव्ही विकणे, आणि अनेक उत्पादकांनी तोच धरला. मला हे पटत नाही. निदान माहितीपत्रकात तरी तसं स्पष्ट लिहायला हवं, म्हणजे लोक चांगला टीव्ही खराब समजून दुरुस्तीला नेणार नाहीत.

तुमच्या टीव्हीबद्दल मात्र आणखी एक शक्यता आहे आणि ती भारतातल्या नियमांची आहे. २००५ च्या अधिसूचनेने आपल्याकडे ५१५० ते ५३५० आणि ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झ हे पट्टे इमारतीच्या आतल्या वापरासाठी परवान्याविना खुले झाले. चॅनल १०० ते १४४ चा ५४७० ते ५७२५ हा मधला पट्टा त्यात नव्हता. तो ऑक्टोबर २०१८ च्या अधिसूचनेने खुला झाला. तुमचा टीव्ही २०१७ चा, म्हणजे त्यात भारतासाठीचा जो चॅनलतक्ता भरलेला आहे त्यात १०० ते १४४ नसणंच योग्य होतं. नंतर सॉफ्टवेअर अपडेटमधून तक्ता बदलला नसेल तर टीव्ही अजून जुन्या नियमांनुसारच चालतोय.

डीएफएसमुळे की जुन्या तक्त्यामुळे, हे घरबसल्या ओळखता येतं. राउटरचा चॅनल ५२ करा. हा चॅनल डीएफएसमधला आहे, पण २०१८ च्या आधीही भारतात खुला होता. सेव्ह केल्यावर निदान दोन मिनिटं थांबा, कारण पहिलं मिनिट राउटर रडार ऐकत गप्प असतो आणि तेव्हा कोणालाच नाव दिसत नाही. याच मिनिटात लोक ‘चॅनल बदलला तर वायफायच गेलं’ म्हणून घाईने सगळं मागे फिरवतात. आधी फोनवर नाव आलं का ते बघा, मग टीव्हीची यादी दोन-तीनदा ताजी करा. टीव्हीला ५२ दिसला पण १०० दिसत नाही, तर दोष तक्त्याचा. अशा वेळी टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट आणि त्यातली देशाची निवड तपासण्यात अर्थ आहे. ५२ आणि १०० दोन्ही दिसत नाहीत, तर त्यात डीएफएस चॅनलच बंद आहेत असं धरा आणि त्यामागे वेळ घालवू नका.

या चाचणीआधी एक करा. दोन्ही बँडला एकच नाव दिलेलं असेल तर पाच गिगाहर्ट्झला तात्पुरतं वेगळं नाव द्या. नाव एकच असलं की टीव्ही २.४ वर गुपचूप जोडला जातो, यादीत नाव दिसतं, आणि आपण समजतो पाच गिगाहर्ट्झ मिळालं. फक्त व्हिडिओ अडखळतो तेव्हा शंका येते.

आता लॅपटॉप. युरोपात वायफायची मुख्य परवानगी ५१५० ते ५३५० आणि ५४७० ते ५७२५ मेगाहर्ट्झची आहे. १४९ च्या पुढचा भाग तिथे कमी शक्तीच्या किरकोळ उपकरणांच्या वेगळ्या नियमाखाली येतो, म्हणून युरोपसाठी बनवलेल्या जुन्या कार्डांत हे चॅनल बंदच सापडतात. जपानी उपकरणांतही १४९ ते १६५ ची हीच गत. चीनच्या बाजारासाठी बनलेल्या फोनचं उलट असू शकतं: तिथे ३६ ते ६४ आणि १४९ ते १६५ वापरात आहेत, १०० ते १४४ नाहीत. परदेशातून आणलेलं उपकरण इथे आल्यावर आपोआप भारताचे नियम धरेलच असं नाही. नवी कार्डं आजूबाजूच्या राउटरच्या बीकनमधला देशाचा कोड वाचून स्वतःला जुळवून घेतात. जुन्या कार्डांत देश कारखान्यातच पक्का केलेला असतो आणि विंडोजमध्ये भारत निवडल्याने तो बदलत नाही.

लॅपटॉपवर लिनक्स असेल, किंवा पेन ड्राइव्हवरून तात्पुरतं चालवता येत असेल, तर अंदाज करत बसायची गरज नाही. टर्मिनलमध्ये या दोन आज्ञा द्या:

```
iw reg get
iw list | grep MHz
```

पहिलीने सध्या कोणत्या देशाचे नियम लागू आहेत ते कळतं. दुसरी चॅनलवार यादी देते. त्यातल्या अशा ओळी शोधा:

```
* 5180 MHz [36] (20.0 dBm)
* 5500 MHz [100] (20.0 dBm) (no IR, radar detection)
* 5745 MHz [149] (disabled)
```

हा नमुना आहे; तुमच्याकडे शक्तीचे आकडे वेगळे येतील. वाचायचा तो शेवटचा भाग. `disabled` म्हणजे हे कार्ड त्या चॅनलवर ऐकणारसुद्धा नाही. राउटर शेजारी आणून ठेवला तरी नाव येणार नाही. `no IR` म्हणजे आपणहून बोलायचं नाही, फक्त ऐकायचं. नाव दिसेल, पण सावकाश. पहिल्या आज्ञेत `country 00` आलं तर कार्डाला आपण कुठे आहोत ते कळलेलं नाही आणि ते जगभर चालतील असे सर्वांत सावध नियम वापरतंय. त्या अवस्थेत पाच गिगाहर्ट्झचे सगळेच चॅनल `no IR` असतात, अगदी ३६ सुद्धा. मॅकवर हीच माहिती `system_profiler SPAirPortDataType` ने मिळते. तिथे `Country Code` आणि `Supported Channels` या दोन ओळी वाचा. विंडोजमध्ये कार्डाच्या चॅनलांची अशी सरळ यादी मिळत नाही, पण `netsh wlan show networks mode=bssid` ने आजूबाजूची नेटवर्कं कोणत्या चॅनलवर दिसताहेत ते कळतं. सोसायटीत पंधरा-वीस राउटर असताना त्या यादीत १४९ च्या पुढचं एकही येत नसेल आणि फोनवर मात्र येत असेल, तर उत्तर मिळालंच.

नाव लपवलेलं असेल तर उघडं करा असं मी सुरुवातीला म्हटलं, तेही याच ‘फक्त ऐकायचं’ नियमामुळे. लपवलेल्या नेटवर्कच्या बीकनमध्ये नावाची जागा रिकामी असते, म्हणून उपकरणाला नाव घेऊन हाक मारावी लागते. डीएफएस चॅनलवर हाक मारायला मनाई. काही उपकरणं तो बिननावाचा बीकन ऐकून, म्हणजे इथे राउटर हजर आहे याची खात्री झाल्यावर, मग हाक मारतात. बरीच तेवढं करत नाहीत. नाव लपवल्याने सुरक्षेत फारशी भर पडत नाही, त्यापेक्षा पासवर्ड भक्कम ठेवा.

रुंदी ८० ठेवायचं कारणही सांगतो. नव्या राउटरमध्ये १६० मेगाहर्ट्झचा पर्याय असतो आणि वेग दुप्पट होईल म्हणून लोक तो चालू करतात. चॅनल ३६ वर १६० ची रुंदी घेतली की राउटर ३६ पासून थेट ६४ पर्यंत पसरतो. त्यातला अर्धा भाग, ५२ ते ६४, डीएफएसचा आहे. म्हणजे सेटिंगमध्ये ३६ दिसत असूनही राउटर चालू करताना एक मिनिट थांबतो, रडारची चाहूल लागली की हलतो, आणि `Auto` चालू असेल तर कदाचित १०० वर जाऊन बसतो. मग टीव्ही परत गायब. ‘मी ३६ लावलाय तरी अधूनमधून जातं’ ही तक्रार आली की मी आधी रुंदी विचारतो.

रडारची चाहूल ही काही कागदावरची गोष्ट नाही. वारंवारता जुळली तरच रडारचा संबंध येतो, हे मात्र लक्षात ठेवा. मुंबईत कुलाब्याचं हवामान रडार एस-बँडचं आहे, त्याची वारंवारता वायफायच्या या पट्ट्याच्या बरीच खाली आहे, त्याचा काही त्रास नाही. वेरावलीचं रडार सी-बँडचं आहे, आणि सी-बँडची हवामान रडार ५.६ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात. म्हणजे नेमकी डीएफएसच्या पट्ट्यात. शिवाय राउटर चुकूनही रडार ‘ऐकतात’: दुसऱ्या एखाद्या उपकरणाचा गोंगाट रडारच्या स्पंदनांसारखा वाटला तरी नियमानुसार राउटरला चॅनल सोडावाच लागतो. खात्री करायची असेल तर राउटरच्या सिस्टिम लॉगमध्ये `radar` शब्द शोधा. ओपनडब्ल्यूआरटीसारख्या फर्मवेअरवर ओळ `DFS-RADAR-DETECTED` अशी येते आणि पुढे वारंवारता असते. नाव गायब झाल्याची वेळ आणि त्या ओळीची वेळ जुळली की दुसरं कारण शोधायला नको.

कधी कधी असाही सल्ला मिळतो की राउटरमध्ये देश अमेरिका निवडा, जास्त चॅनल आणि जास्त शक्ती मिळते. हे करू नका. ते नियमाबाहेर आहे, आणि त्रास तुमच्यापुरता राहत नाही. राउटर तो चुकीचा देश प्रत्येक बीकनमधून सांगत राहतो, आणि बीकन ऐकून देश ठरवणारी कार्डं, तुमची आणि शेजाऱ्यांचीही, चुकीचा तक्ता धरू शकतात. देश भारतच ठेवा. राउटरही परदेशातून आणलेला असेल आणि त्यात देश बदलताच येत नसेल, तर अडचण त्याच्याच बाजूला असू शकते.

३६ च्या तुकड्याची मर्यादा आहे, तीही सांगतो. ८० मेगाहर्ट्झ रुंदीचा तिथे एकच गट बसतो, ३६ ते ४८. दाट सोसायटीत शेजारचे राउटरही तिथेच असतात आणि संध्याकाळी वेग पडतो. तेव्हा रुंदी ४० करून बघा: एक गट ३६-४०, दुसरा ४४-४८; शेजारी ज्यावर कमी दिसतील तो घ्या. कागदावरचा कमाल वेग निम्मा होतो, पण एका टीव्हीवरच्या फोर-केसाठी तो पुरेसा असतो. तेवढ्यानेही भागलं नाही तर १४९ वर जा आणि लॅपटॉपला २.४ वर ठेवा, किंवा त्याला शंभर ते १४९ सगळं ऐकणारा एक छोटा यूएसबी वायफाय अडॅप्टर लावा. टीव्ही राउटरच्या जवळ असेल तर लॅन केबल सगळ्यांत उत्तम. फक्त अनेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० मेगाबिटचंच असतं, तेव्हा स्पीड टेस्टमध्ये ९४-९५ च्या पुढे आकडा गेला नाही तर केबल बदलत बसू नका.